गोदामाचे पैसे कधी फिटतात?

समजा, लातूरला सोयाबीनसाठी गोदाम बांधायला १०० लाख रुपये लागतात. एकाच व्यापाऱ्याला दिले, तर खर्च वजा जाता पाच वर्षांत अनुक्रमे ४०, ४०, २०, १०, १० लाख हाती येतात. शेतकऱ्यांचा माल ठेवला, तर २०, २५, ३०, ३५, ४० लाख.

पहिल्यात भांडवल तीन वर्षांत वसूल होते, दुसऱ्यात पावणेचार वर्षे लागतात. पण परतफेडीचा हा काळ वसुलीनंतरची कमाई पाहतच नाही.

अंतर्गत परताव्याचा दर ती पाहतो. ज्या व्याजदराने पुढच्या सगळ्या रकमांची आजची किंमत बरोबर १०० लाख भरते, तो हा दर. पहिल्यात तो सुमारे ८.७ टक्के येतो, दुसऱ्यात १३.५. कर्ज ११ टक्क्यांचे असेल, तर लवकर फिटणारे गोदामच तोट्यात जाते! मात्र दुसऱ्याचा दर शेवटच्या दोन वर्षांच्या अंदाजावर उभा आहे. ते आकडे कमी धरून हिशेब पुन्हा कराच.