चाळिशीचा चष्मा थेंबाने सुटतो का? औषध नेमकं काय करतं आणि कोणी दूर राहावं

बेळगाव : चाळिशी लागली की पेपर लांब धरून वाचावा लागतो, औषधाच्या पट्टीवरची तारीख दिसत नाही. त्यावर ‘थेंब घाला, चष्मा सोडा’ असे मेसेज दोन वर्षांपासून मोबाईलवर फिरत आहेत. थेंब खरे आहेत, पण चष्मा ‘सुटतो’ हे खरं नाही.

या थेंबांतलं औषध पिलोकार्पिन. ते नवीन नाही, काचबिंदूसाठी फार पूर्वीपासून वापरलं जातं. चाळिशीसाठी त्याचे १.२५ टक्के ताकदीचे थेंब अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झाले. भारतात मुंबईच्या एन्टॉड फार्मास्युटिकल्सला ऑगस्ट २०२४ मध्ये परवानगी मिळाली होती. मात्र मंजूर नसलेले दावे केल्याच्या कारणावरून केंद्रीय औषध नियंत्रकांनी पुढच्याच महिन्यात तिला स्थगिती दिली. परवानगी होती तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर देण्यापुरतीच.

वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग कडक होतं आणि जवळचं पाहताना हवं तेवढं फुगत नाही. थेंब त्या भिंगाला पुन्हा मऊ करत नाहीत. ते फक्त मधली काळी बाहुली आकसवतात. कागदाला टाचणीने भोक पाडून त्यातून पाहिलं, तर चष्म्याशिवायही अक्षर जरा स्पष्ट दिसतं. तोच हा प्रकार.

एक उदाहरण घेऊ. दुकानात हिशेब लिहिणाऱ्या ४८ वर्षांच्या माणसाला वाचायला दीड नंबर लागतो. समजा थेंबाने त्याची बाहुली ४ मिलिमीटरवरून २ वर आली. अक्षराचा धूसरपणा बाहुलीच्या रुंदीच्या प्रमाणात असतो, म्हणून तो निम्मा झाला. नंबर जणू पाऊणच राहिला. खातेवहीतले ठळक आकडे आता दिसतात, पण पावतीवरची बारीक अक्षरं अजूनही अडतात. त्याच वेळी डोळ्यात शिरणारा उजेड मात्र निम्मा नाही, एक चतुर्थांशच उरला. दुकानातल्या लख्ख दिव्याखाली हे जाणवत नाही. संध्याकाळी दिवे गेले, की त्याला इतरांपेक्षा जास्त अंधार वाटतो. फायदा आणि तोटा, दोन्ही त्या लहान बाहुलीचेच.

परिणाम साधारण पाव तासात सुरू होतो आणि काही तासांत ओसरतो. जास्तीत जास्त सहा तास धरायचे. अमेरिकेतल्या मुख्य चाचण्या ४० ते ५५ वयाच्या लोकांवर झाल्या. त्यातल्या एका चाचणीत मंद उजेडात तक्त्यावरच्या तीन किंवा जास्त ओळी अधिक वाचता आलेले लोक सुमारे ३१ टक्के होते. औषध नसलेले थेंब घालणाऱ्यांत हेच प्रमाण ८ टक्के होतं. म्हणजे औषध काम करतं, पण सगळ्यांवर तेवढं नाही. साठीतल्या माणसाचा नंबर अडीचच्या आसपास असतो. तो निम्मा झाला तरी चष्मा लागणारच.

सर्वात जास्त आढळणारे त्रास म्हणजे डोकं दुखणं, बहुतेकदा भुवईच्या वर, आणि डोळे लाल होणं. डोकं दुखतं कारण हे औषध डोळ्याच्या आतला स्नायूही आवळतं. जवळून लांब पाहताना थोडा वेळ अंधुकही दिसतं.

याच स्नायूच्या ओढीचा संबंध गंभीर धोक्याशी जोडला जातो. क्वचित डोळ्याचा मागचा पडदा फाटतो किंवा सुटतो. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके वाढले, कडेला वीज चमकल्यासारखं झालं किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर थेंब बंद करून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावं. दुखत नाही म्हणून थांबू नये, पडदा सुटताना दुखत नाही.

लांबचा मोठा मायनस नंबर असलेल्यांचा, आधी पडद्याचा त्रास झालेल्यांचा किंवा घरात कुणाला तो झालेल्यांचा पडदा आधीच कमजोर असू शकतो. त्यांनी या थेंबांच्या नादी लागू नये. डोळ्याच्या आत सूज असलेल्यांनीही घालू नयेत. मोतीबिंदू मधोमध असेल तर बाहुली लहान झाल्यावर उलट कमी दिसतं. रात्री चोर्ला किंवा आंबोली घाटातून गाडी चालवणाऱ्यांनी तर थेंबांचा असर असताना स्टिअरिंग धरूच नये.

आणखी एक सवय धोक्याची आहे. आजोबांच्या काचबिंदूच्या बाटलीवर पिलोकार्पिन हेच नाव दिसतं, म्हणून तेच दोन थेंब घालून पाहिले जातात. पण ते बहुतेकदा २ टक्के ताकदीचं असतं आणि बाहुली व स्नायू जास्त आवळतं.

डॉक्टरांनी थेंब सुचवलेच, तर आधी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्स काढून थेंब घालावेत आणि दहा मिनिटांनी पुन्हा लावाव्यात. वाचायचा चष्मा खिशात राहू द्यावाच, दुपारनंतर तो लागणार आहे.