रात्रीच्या क्लिप आणि पाणवठ्यावरच्या फेऱ्या

जंगलातला कॅमेरा ट्रॅप प्राणी ओळखून सुरू होत नाही. समोरच्या उष्णतेत हलता फरक जाणवला की तो चित्रीकरण सुरू करतो. त्यामुळे मे महिन्यात, दिवसभर तापलेले खडक रात्रीही गरम असताना, प्राण्याचे शरीर आणि परिसर यांच्या तापमानातला फरक कमी होतो आणि एखादे सांबर समोरून गेले तरी कॅमेरा जागा होत नाही. अशी हुकलेली फेरी नंतर कोणत्याही मोजणीत सापडत नाही.

रात्री कॅमेरा इन्फ्रारेड दिव्यांच्या उजेडात काळे-पांढरे चित्रण करतो. या उजेडाच्या पल्ल्यापलीकडे बहुधा चमकणारे डोळेच दिसतात, आणि जनावराने मान खाली घातली की तेही नाहीसे होतात. भिंगाजवळून उडणारा पतंग मात्र मोठा पांढरा ठिपका बनतो. सलग फ्रेम पाहिल्या की भेद कळतो: पतंग एका फ्रेममध्ये इथे, तर पुढच्या फ्रेममध्ये भलतीकडेच असतो, प्राणी सलग सरकतो.

हजारो क्लिप डोळ्यांनी पाहणे अवघड, म्हणून मेगाडिटेक्टरसारखी प्रणाली वापरतात. क्लिपमधून काढलेल्या फ्रेममध्ये ती प्राणी, माणूस किंवा वाहन दिसेल तिथे चौकट आखते आणि खात्रीचा आकडा देते; प्रजाती ओळखणे हे पुढचे काम. खात्रीची मर्यादा फार वर ठेवली तर अंधुक प्राणी रिकाम्या क्लिपांत जमा होतात. त्यामुळे ‘रिकाम्या’ ठरलेल्यांची पडताळणी टाळून चालत नाही. समजा, अशा 3000 क्लिपांपैकी कशाही उचललेल्या 200 माणसाने पाहिल्या आणि 4 मध्ये प्राणी निघाला, तर एकूण सुमारे 60 निसटल्या असाव्यात.

खरा पेच त्यानंतर येतो, कारण क्लिप म्हणजे फेरी नव्हे. समजा, एका पाणवठ्यावर रात्री 11:02 ला एक सांबर दिसले, 11:20 ला दोन, 11:40 ला एक आणि 12:25 ला पुन्हा एक. नुसती बेरीज केली तर पाच सांबरे होतात. अभ्यासक बहुधा 30 मिनिटांचा नियम लावतात: त्याच प्रजातीच्या दोन क्लिपांमध्ये याहून कमी अंतर असेल तर फेरी एकच. मग पहिल्या तीन क्लिपांची एक फेरी आणि 12:25 ची दुसरी. फेरीतली किमान संख्या म्हणजे एकाच फ्रेममध्ये एकत्र दिसलेली सर्वाधिक जनावरे; इथे पहिल्या फेरीत दोन, दुसरीत एक. पण अर्धा तास आधीच्या क्लिपपासून न मोजता फेरीच्या पहिल्या क्लिपपासून मोजला, तर 11:40 पासून नवी फेरी सुरू होते आणि एकूण तीन भरतात. म्हणून कोणती पद्धत वापरली हे आकड्यासोबत लिहायलाच हवे. नाहीतर दोन पाणवठ्यांची तुलना निरर्थक ठरते.

या फेऱ्यांवरून जंगलात सांबरे किती, हे मात्र सांगता येत नाही, कारण एकच मादी रात्रीतून दोनदा पाण्यावर येऊ शकते. वाघाचे पट्टे आणि बिबट्याचे ठिपके इन्फ्रारेड उजेडातही दिसतात, त्यामुळे त्यांच्यातला प्रत्येक प्राणी वेगळा ओळखता येतो. त्यातही डाव्या आणि उजव्या कुशीची नक्षी वेगवेगळी असल्याने दोन्ही बाजू टिपायला समोरासमोर दोन कॅमेरे लावावे लागतात.