क्लाउड सोडण्याचा खरा हिशेब

बेसकॅम्प आणि हे ही सॉफ्टवेअर चालवणाऱ्या ३७सिग्नल्स या अमेरिकी कंपनीचं २०२२ सालचं क्लाउडचं बिल सुमारे ३२ लाख डॉलर होतं. कंपनीने क्लाउड सोडायचं ठरवलं, सुमारे सात लाख डॉलरचे सर्व्हर विकत घेतले आणि २०२३ मध्ये आपली ॲप्स त्यांवर हलवली.

सात लाख पाच वर्षांवर वाटले तर वर्षाला एक लाख चाळीस हजार पडतात. आकडा मोहात पाडणारा आहे, पण तो अर्धाच हिशेब आहे. त्यात जागेचं भाडं, वीज, सुटे भाग, बॅकअप आणि माणसांचे पगार धरायला हवेत. शिवाय सगळं बिल एकदम थांबलं नाही. फायलींचा प्रचंड साठा सुरुवातीला क्लाउडवरच राहिला. या कंपनीकडे डेटा सेंटरमधली जागा आणि अनुभवी तंत्रज्ञ आधीपासून होते, म्हणून माणसं वाढवावी लागली नाहीत. ज्यांच्याकडे हे नाही, त्यांनी दोन-तीन पगार आधी हिशेबात लिहावेत.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. तुलना आजच्या फुगलेल्या बिलाशी करू नका. रिकामी चालणारी यंत्रं बंद केल्यावर आणि दीर्घ कराराची सवलत घेतल्यावर जे बिल उरेल, त्याच्याशी करा.

निर्णायक गोष्ट म्हणजे वापराचा आलेख. तो वर्षभर सपाट असेल तर स्वतःचे सर्व्हर परवडतात. निकालाच्या दिवशीच गर्दी उसळणाऱ्या संकेतस्थळाने मात्र क्लाउडवरच राहावं.