दोन लाख साठ हजारांचा हिशेब

भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपचं उदाहरण घेऊ. धंदा एकमालकी, काम मोठ्या कंपनीला जॉबवर्कने पार्ट मशिनिंग करून देण्याचं, दर नगाला २५० रुपये. बिलं तीन: ४१ नंबरचं १,१८,०००, ४४ नंबरचं ५९,००० आणि ४७ नंबरचं ९४,४००, सगळी १८ टक्के जीएसटी धरून. येणं झालं २,७१,४००. बँकेत मात्र एकाच फटक्यात जमा झाले २,६०,८६०.

सोबत मेलवर पेमेंट अ‍ॅडव्हाइस येते. आधी तिच्यावरचा यूटीआर नंबर आणि एकूण रक्कम बँकेच्या नोंदीशी ताडून घ्यायची. ते जुळलं की अर्धी मंडळी पावती खात्यात टाकून मोकळी होतात. पण बेरीज जुळली म्हणजे बिलं जुळली असं नाही.

बऱ्याच अ‍ॅडव्हाइसवर बिलापुढे फक्त हातात पडलेली रक्कम असते. ४१ पुढे १,१७,०००, म्हणजे जीएसटी सोडून मूळ एक लाखावर एक टक्का टीडीएस कापला. ४४ पुढे ५८,५००, तेही बरोबर. खाली डेबिट नोट ५,९००: वीस नग रिजेक्ट, त्यांचे पाच हजार आणि वर जीएसटी. ४७ पुढे मात्र ९१,२६०. टीडीएस जाऊन ९३,६०० यायला हवे होते. २,३४० कमी, आणि कारणाचा एक शब्द नाही.

या आकड्याला १.१७ ने भागून पाहावं. मूळ शंभर रुपयांच्या कामाला जीएसटीसह ११८ मिळतात आणि टीडीएसचा एक जाऊन ११७ हाती येतात. उत्तर येतं नेमकं २,०००, म्हणजे आठ नग. कंपनीच्या गेटवर आठ नग कमी मोजले गेले आणि बिल तेवढ्यानेच कमी धरलं गेलं, असा दाट संशय घ्यायला हरकत नाही. टीडीएसही तेवढ्याने, वीस रुपयांनी, कमी कापलाय. भागाकार असा सुटला नाही, तर दरातला फरक किंवा दंड शोधायचा.

आता टॅलीत पावती करताना `On Account` च्या मोहात पडू नये. प्रत्येक बिल `Agst Ref` ने निवडावं. टीडीएसचे २,२८० ही सूट नव्हे, ते आपलंच येणं आहे; कंपनीने तिमाहीचं विवरणपत्र भरल्यावर ते २६एएसमध्ये दिसतात का पाहायचं. रिजेक्ट माल परत आला असेल तर ५,९०० ची क्रेडिट नोट आपण काढायची, कारण कंपनीच्या डेबिट नोटेने आपला जीएसटी कमी होत नाही.

उरले ४७ नंबरचे २,३६०. ते बिलावर उघडेच ठेवायचे आणि डिलिव्हरी चलनाची पोच काढायची. तिच्यावर पूर्ण नगांवर सही-शिक्का असेल, तर कंपनीच्या स्टोअरला जीआरएनची प्रत मागून पैसे मागता येतात. पोचेवरच आठ नग कमी लिहिलेले असले, तर या बिलाचीही क्रेडिट नोट.