ग्राहक-व्यवस्थापित कूटकिल्ली

ग्राहक-व्यवस्थापित कूटकिल्ली म्हणजे क्लाउड साठवणुकीतील माहिती कूटबद्ध करणारी अशी किल्ली, जिच्यावरील नियंत्रण सेवापुरवठादाराऐवजी ग्राहकाकडे असते. क्लाउड सेवेत फाइली ज्या भांडारात ठेवल्या जातात, त्यास बकेट म्हणतात. कूटबद्ध फाइल योग्य किल्लीशिवाय वाचता येत नाही. त्यामुळे किल्ली नष्ट झाल्यास फाइल जागेवर असूनही तिच्यातील मजकूर कायमचा गमावला जातो. या लेखात ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या एस३ या साठवण सेवेच्या आधारे हा विषय मांडला आहे.

## दोन पद्धती

५ जानेवारी २०२३ पासून एस३ मध्ये येणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप कूटबद्ध होते. ग्राहकाने वेगळी निवड केली नसेल, तर त्यासाठीच्या किल्ल्या सेवापुरवठादारच निर्माण करतो आणि सांभाळतो. ग्राहकाला त्या दिसत नाहीत व पुसताही येत नाहीत. म्हणून या पद्धतीत ग्राहकाच्या हातून किल्ली हरवण्याचा संभव नसतो.

दुसऱ्या पद्धतीत ग्राहक केएमएस या किल्ली-व्यवस्थापन सेवेत स्वतःची किल्ली निर्माण करतो. ती कोणी वापरावी, केव्हा स्थगित करावी आणि केव्हा नष्ट करावी, हे तोच ठरवतो. फाइल वाचण्यासाठी बकेटच्या परवानगीबरोबरच किल्लीचीही परवानगी लागते, आणि किल्लीच्या वापराची नोंद राहते. या दुहेरी पहाऱ्यासाठी अनेक संस्था ही पद्धत स्वीकारतात. मात्र नष्ट करण्याचा अधिकार ग्राहकाला मिळाला, की त्याची जबाबदारीही त्याच्याकडेच येते.

## किल्ली नष्ट झाल्यास

मुख्य किल्लीने फाइल थेट कूटबद्ध केली जात नाही. फाइलीसाठी वेगळी दुय्यम किल्ली वापरली जाते. ही दुय्यम किल्ली मुख्य किल्लीच्या संरक्षणाखाली कूटबद्ध होऊन फाइलीसोबत साठवली जाते. मुख्य किल्ली गेली, की दुय्यम किल्ल्या उलगडत नाहीत आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या सर्व फाइली एकाच वेळी निरुपयोगी होतात. २५६ बिटांची किल्ली अंदाजाने शोधणे व्यवहारात अशक्य असल्याने सेवापुरवठादारही मदत करू शकत नाही.

बकेटची यादी मात्र पूर्ववत दिसते. फाइलींची नावे व आकार कायम राहतात आणि साठवणुकीचे शुल्कही चालू राहते. फाइल उघडू पाहिल्यावरच नकार मिळतो.

## प्रतीक्षाकाल व त्याची मर्यादा

केएमएसमधील किल्ली तत्काळ नष्ट होत नाही. ७ ते ३० दिवसांचा प्रतीक्षाकाल ठेवावा लागतो. वेगळा कालावधी दिला नाही, तर तो ३० दिवसांचा असतो. या काळात किल्लीची स्थिती `PendingDeletion` अशी दिसते व तिचा वापर बंद होतो. निर्णय रद्द केल्यावरही किल्ली स्थगितच राहते, म्हणून ती पुन्हा सुरू करावी लागते:

```
aws kms cancel-key-deletion --key-id <key-id>
aws kms enable-key --key-id <key-id>
```

तथापि हा प्रतीक्षाकाल दरवेळी पुरेसा ठरत नाही. समजा, एका संस्थेच्या २०२१ मधील हिशेबाच्या फाइली 'अ' किल्लीने कूटबद्ध आहेत. २०२३ मध्ये संस्थेने बकेटसाठी 'ब' ही किल्ली निश्चित केली. या बदलाचा परिणाम केवळ नव्या फाइलींवर होतो. जुन्या फाइली 'अ' किल्लीनेच कूटबद्ध राहतात. पुढे बकेटच्या मांडणीत फक्त 'ब' दिसते, म्हणून कोणी जूनमध्ये 'अ' नष्ट करण्याची सूचना देतो. जुने हिशेब केवळ मार्चमधील तपासणीत उघडले जात असतील, तर ३० दिवसांत एकही तक्रार येत नाही. क्लाउडट्रेल या नोंदसेवेचा सहज उपलब्ध इतिहासही ९० दिवसांचाच असतो. त्यात 'अ'चा वापर न दिसणे, हा ती अनावश्यक असल्याचा पुरावा नव्हे. चूक मार्चमध्ये कळते, तेव्हा उपाय उरलेला नसतो.

म्हणून प्रत्येक जुन्या फाइलीच्या गुणधर्मांतील किल्लीचा ओळखक्रमांक तपासून, ती नव्या किल्लीने पुन्हा कूटबद्ध करणे आवश्यक ठरते. फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जतन केल्या असतील, तर त्याही तपासाव्या लागतात. त्यानंतरही जुनी किल्ली नष्ट न करता प्रथम दीर्घकाळ स्थगित ठेवणे सुरक्षित असते, कारण स्थगिती केव्हाही उठवता येते.

## ग्राहकाने पुरवलेली किल्ली

एस३ मध्ये आणखी एक प्रकार आहे. त्यात ग्राहक प्रत्येक विनंतीसोबत स्वतःची किल्ली पाठवतो. सेवापुरवठादार ती साठवत नाही. पडताळणीपुरती एक खूण ठेवतो, जिच्यावरून मूळ किल्ली मिळवता येत नाही. येथे प्रतीक्षाकालही नसतो. जानेवारी २०२५ मध्ये हॅल्सियन या सुरक्षा संस्थेने 'कोडफिंगर' नावाच्या खंडणीखोर टोळीची माहिती प्रसिद्ध केली. या टोळीने चोरलेल्या प्रवेशाधिकारांच्या साहाय्याने इतरांच्या बकेटमधील फाइली स्वतःच्या किल्लीने कूटबद्ध केल्या होत्या. किल्ली टोळीखेरीज कोणाकडेही नसल्याने त्या फाइली मूळ मालकांना वाचता येईनात.