हिरव्या कोपऱ्याची चुगली

रावेर-यावलकडे केळीची गाडी भरली की काटापावती निघते आणि आजकाल ती पावती संध्याकाळपर्यंत एक्सेलमध्ये उतरते. समजा, एका व्यापाऱ्याच्या शीटमध्ये पाच गाड्यांची वजनं क्विंटलमध्ये अशी आहेत: ४२.६०, ३८.२५, ५१.४०, ४७.१० आणि ४०.७५. तोंडी बेरीज केली तर २२०.१० येते. एक्सेल मात्र शांतपणे १३४.७५ सांगतं. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत, काही नाही. १८०० रुपये क्विंटलचा भाव धरला तर हिशोबातून १ लाख ५३ हजार ६३० रुपये गायब!

चोर सापडतो दोन सेलमध्ये. ३८.२५ आणि ४७.१० या आकड्यांच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात बारीक हिरवा त्रिकोण आहे. सेलवर क्लिक केलं की शेजारी पिवळं उद्गारचिन्ह येतं आणि त्याच्यावर माउस नेला की कळतं: हा आकडा मजकूर म्हणून साठवलेला आहे. दिसायला आकडा, पण एक्सेलच्या लेखी तो ‘केळी’ किंवा ‘रावेर’सारखाच एक शब्द. आणि शब्दांची बेरीज SUM करत नाही. तक्रारही करत नाही, सरळ वगळून पुढे जातं.

SUM म्हणतं शून्य, अधिक म्हणतं बरोबर

गंमत इथे आहे. त्याच पाच सेलची बेरीज `=B2+B3+B4+B5+B6` अशी लिहा, उत्तर २२०.१० येईल! अधिकचं चिन्ह दिसलं की एक्सेल मजकुरातला आकडा स्वतःहून ओळखून घेतं, SUM मात्र रेंजमधल्या मजकुराकडे ढुंकूनही बघत नाही. सगळाच रकाना मजकूर असेल तर SUM चक्क ० दाखवतं. खरं तर ते बरं, कारण शून्य कुणाच्याही डोळ्यात खुपतं. धोका पाचातले दोन सेल बिघडतात तेव्हा असतो. उत्तर पटण्याजोगं दिसतं आणि बिल निघून जातं.

असे किती सेल लपलेत, हे एका ओळीत कळतं:

```
=COUNTA(B2:B6)-COUNT(B2:B6)
```

COUNTA भरलेले सगळे सेल मोजतं, COUNT फक्त खरे आकडे. आपल्या शीटमध्ये उत्तर २ येईल. फॉर्म्युला नको असेल तर चिकटण्याची बाजू बघा. कुणी अलाइनमेंट बदललेली नसेल तर आकडे उजवीकडे आणि मजकूर डावीकडे चिकटतो. सगळ्यांना मध्यभागी आणून शीट ‘सुंदर’ करणारे लोक ही खूण स्वतःच्या हातानं पुसतात.

फॉरमॅट बदलला, तरी जैसे थे

बहुतेकांचा पहिला उपाय म्हणजे रकाना निवडायचा आणि फॉरमॅट Text वरून Number करायचा. काही होत नाही. फॉरमॅट हा दाखवण्याचा नियम आहे. आत आधीच जाऊन बसलेला मजकूर त्यानं बदलत नाही. प्रत्येक सेलमध्ये F2 आणि एंटर दाबलं तर बदलतो, पण पाचशे पावत्यांना ते कोण करणार? पिवळ्या चिन्हातून Convert to Number निवडणं सोपं. मात्र निवडलेल्या पट्ट्यातला पहिला सेल हिरव्या कोपऱ्याचाच हवा, नाहीतर ते चिन्ह उमटतच नाही. हजारो ओळी असतील तर रकाना निवडून Data मधलं Text to Columns उघडा आणि काहीही न बदलता थेट Finish दाबा. एका वेळी एकच रकाना होतो, पण झटक्यात होतो.

हा आजार येतो कुठून? रकान्याला आधीच Text फॉरमॅट दिलेला असतो, दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून माहिती आणलेली असते, किंवा आकड्याआधी कुणीतरी ' हे चिन्ह टाकलेलं असतं. हे चिन्ह सेलमध्ये दिसत नाही, फक्त वरच्या फॉर्म्युला बारमध्ये दिसतं. ती आहे लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रामची देणगी, तिथे ' म्हणजे डावीकडचा मजकूर, ^ म्हणजे मधला आणि " म्हणजे उजवीकडचा.

कोपरा नाही, म्हणून निर्धास्त राहू नका

हिरवा कोपरा फक्त आकड्यासारख्या दिसणाऱ्या मजकुरावर येतो. कुणी ‘1800/-’ किंवा ‘42.60 क्वि.’ लिहिलं तर एक्सेलला तो निव्वळ मजकूर वाटतो. कोपरा येत नाही आणि बेरजेतून तो सेल गुपचूप गळतो. आपल्याकडे रकमेपुढे ‘/-’ मारायची सवय हाडीमाशी मुरलेली, म्हणून हे विशेष सांगायचं. वेबपेजवरून चिकटवलेल्या आकड्यांच्या शेपटाला कधी एक न दिसणारी, न तुटणारी मोकळी जागा असते. तिच्यापुढे अधिकचं चिन्हही हात टेकतं आणि #VALUE! देतं. तिच्यावर उतारा:

```
=VALUE(SUBSTITUTE(B2,CHAR(160),""))
```

आणखी एक: कोपरा हिरवाच असतो असंही नाही. एक्सेलच्या Options मधल्या Formulas विभागात त्याचा रंग बदलता येतो, तपासणी बंदही करता येते. दुसऱ्याच्या संगणकावर कोपरे दिसले नाहीत तर आधी ती खूण चालू आहे का ते बघा.

आणि कधी त्याचं ऐकायचंच नाही

जळगावचा एसटीडी कोड ०२५७, धुळ्याचा ०२५६२. मजकूर म्हणून ठेवले तर दोघांवर हिरवा कोपरा येतो. Convert to Number दाबलं की उरतात २५७ आणि २५६२. पुढचं शून्य गेलं आणि परत आणायचं म्हटलं तर कुठे होतं हे आठवायला हवं.

शाळेत तर याहून मोठी फजिती. ‘सरल’मधला विद्यार्थी क्रमांक १९ अंकी: आधी चार अंकी वर्ष, मग शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक (जळगाव जिल्ह्यात तो २७०३ नं सुरू होतो, धुळ्यात २७०२ नं), आणि शेवटी विद्यार्थ्याचा चार अंकी अनुक्रम. एक्सेल कोणत्याही आकड्याचे पहिले १५ अंक जपतं, पुढचे सगळे शून्य करतं. चार आणि अकरा किती? पंधरा! म्हणजे वर्ष राहिलं, शाळा राहिली आणि मुलाची ओळख सांगणारे नेमके चार अंक ०००० झाले. एका वर्षाची सगळी मुलं एकाच क्रमांकाची! धुळ्याचा मास्तर डोक्याला हात लावून म्हणणार, “आते काय करानं?” Ctrl+Z लगेच दाबला तर ठीक. शीट सेव्ह करून बंद केली असेल तर ते चार अंक मूळ यादीतूनच आणावे लागतात.

क्रमांक मजकूर म्हणून नीट ठेवला तरी COUNTIF दगा देतं. दुहेरी नोंदी शोधायला `=COUNTIF(A:A,A2)` लावलं की ते मनातल्या मनात आकडा करून पंधराच अंक जुळवतं आणि सगळ्या मुलांना डुप्लिकेट ठरवतं. म्हणून शेवटी चांदणी जोडायची, मग ते मजकूर म्हणूनच वाचतं:

```
=COUNTIF(A:A,A2&"*")
```

तेव्हा वजन, भाव, रक्कम, म्हणजे ज्याची बेरीज होते ते, आकडा करा. फोन, बँक खातं, विद्यार्थी क्रमांक यांची बेरीज कधीच होत नाही. तिथे Ignore Error दाबा आणि कोपरा घालवा, आकडा तसाच राहू द्या.