तोंडी ठरलं, पण नेमकं काय ठरलं?

एका रंगाऱ्याचं उदाहरण घेऊ. बंगल्याचं रंगकाम ८५ हजारांना ठरलं, रंग मालकाने आणायचा. कागद झाला नाही. २५ हजार उचल यूपीआयने आली. काम उरकल्यावर मालक म्हणाला, "आपलं तर ६० हजारांवर ठरलं होतं."

लेखी नाही म्हणजे करारच नाही, असं समजून अनेक कारागीर इथेच हात टेकतात. ते चुकीचं आहे. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार दोघंही सज्ञान आणि जाणते असले, संमती स्वखुशीची असली, मोबदला आणि काम कायदेशीर असलं, तर तोंडी बोलीही करार ठरते. अपवाद आहेत. घर-जमिनीच्या विक्रीला नोंदणीकृत खरेदीखत लागतं. महाराष्ट्रात भाडेकरारही लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं उलट सिद्ध होईपर्यंत ग्राह्य धरलं जातं.

रंगाऱ्याची खरी अडचण पुराव्याची आहे. दिवाणी न्यायालय कोणाचं म्हणणं अधिक संभवनीय आहे, ते पाहतं. यूपीआयच्या नोंदीतून पैसे आले हे दिसतं, एकूण रक्कम दिसत नाही. बोलणं होताना हजर असलेला जोडीदार साक्ष देऊ शकतो. त्या भागातला चालू दर, मधल्या काळातले संदेश यांचाही आधार मिळतो. तरीही ८५ की ६० हा प्रश्न लोंबकळतच राहतो.

ठरलं त्याच संध्याकाळी एक संदेश गेला असता, तर चित्र वेगळं असतं:

"साहेब, आज ठरल्याप्रमाणे: बंगला आतून-बाहेरून, दोन हात, मजुरी ८५,००० रुपये. रंग तुमचा. उचल २५,००० मिळाली, बाकी काम संपल्यावर. जादा कामाचे पैसे आधी बोलून. काही वेगळं ठरलं असेल तर काम सुरू होण्याआधी कळवा."

उत्तरादाखल "ठीक आहे" आलं तर उत्तमच. नुसत्या गप्प बसण्याला कायदा संमती मानत नाही. पण संदेश वाचून मालकाने काम सुरू करू दिलं, पुढचा हप्ता दिला, तर त्या वागण्यातून संमती दिसते. म्हणून काम सुरू होण्याआधीच संदेश पाठवण्याला महत्त्व आहे; वाद पेटल्यावर पाठवलेल्या संदेशाला फारसं वजन उरत नाही.

नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नये. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल निकालात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करताना प्रमाणपत्र लागतं. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने हजर करून सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी. आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली हे प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यामुळे वाद मिटेपर्यंत तो फोन विकू नये, संदेश पुसू नयेत. मजुरीच्या दाव्याची मुदत साधारणपणे काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षं असते. पैसे देण्याची तारीख वेगळी ठरली असेल तर हिशेब बदलतो.